अमेरिकेतली ओपीटी: अर्ज कधी करायचा आणि बेकारीचे नव्वद दिवस कसे मोजायचे

एमएस करायला अमेरिकेत गेलेल्या मुलांच्या आईवडिलांना एक गोष्ट पाठ असते: शिक्षण झालं की एक वर्ष नोकरी करता येते, आणि विषय स्टेम, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणित यांतला असेल तर आणखी दोन वर्षं. हे खरं आहे. मात्र या मुदतीच्या आत आणखी एक छोटी मुदत चालू असते, ती म्हणजे बेकारीच्या दिवसांची. माझी भाची टेक्सासमध्ये डेटा सायन्स शिकत होती. तिच्या वेळी हा हिशेब मी दिवसागणिक पाहिला, म्हणून तिच्याच तारखा धरून लिहिते.

एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पदवीनंतर आपल्या विषयातल्या कामाचा अनुभव घेण्यासाठी मिळणारी परवानगी म्हणजे ओपीटी. ती १२ महिन्यांची असते. त्यासाठी किमान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष शिकलेलं असावं लागतं. अर्ज करताना हातात नोकरी असण्याची गरज नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. पदवीच्या प्रत्येक वरच्या पातळीला ती एकदाच मिळते. बीएसनंतर घेतली असेल तर एमएसनंतर पुन्हा मिळते, पण एक एमएस झाल्यावर दुसरं एमएस केलं तर नाही. शिकत असतानाच सीपीटीवर, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याच्या परवानगीवर, पूर्णवेळ १२ महिने किंवा त्याहून जास्त काम केलं असेल, तर त्या पातळीची ओपीटी गेली असं समजा. अर्धवेळ सीपीटीने तसं होत नाही.

अर्जाची सुरुवात विद्यापीठातून होते. तिथल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातला अधिकारी, ज्याला सगळे डीएसओ म्हणतात, सेविस या सरकारी नोंदणीत ओपीटीची शिफारस टाकतो आणि नवा आय-२०, म्हणजे प्रवेशाचा आणि शिक्षणाच्या तारखांचा विद्यापीठाचा दाखला, देतो. त्यानंतर आपण यूएससीआयएसकडे आय-७६५ हा अर्ज भरायचा. परवानगी देणारं खातं हेच. विद्यापीठाचं काम शिफारशीपुरतं असतं.

अर्जाची खिडकी आय-२०वरच्या शिक्षण संपण्याच्या तारखेआधी ९० दिवस उघडते आणि त्या तारखेनंतर ६० दिवसांनी बंद होते. भाचीचं शिक्षण १७ मे २०२४ रोजी संपणार होतं, म्हणजे १७ फेब्रुवारी ते १६ जुलै. या खिडकीच्या आत दुसरी, अरुंद खिडकी आहे: डीएसओने शिफारस टाकल्यापासून ३० दिवसांच्या आत अर्ज यूएससीआयएसकडे पोचलाच पाहिजे. तिची शिफारस २० फेब्रुवारीला पडली, तेव्हा तिच्यासाठी खरी शेवटची तारीख २१ मार्च होती. "मावशी, जुलैपर्यंत वेळ आहे की," असं ती सहज बोलून गेली होती. आधी आय-२० घेऊन ठेवू, अर्ज सावकाश भरू, असं करणाऱ्यांचे अर्ज इथेच नामंजूर होतात. तिने ४ मार्चला ऑनलाइन भरला.

कागद फार नाहीत. ओपीटीची शिफारस छापलेला नवा आय-२०, पासपोर्ट, व्हिसाचं पान, अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद असलेल्या आय-९४ची प्रत, अमेरिकी मापाचा अलीकडचा फोटो, आणि आधी कधी वर्क परमिट मिळालं असेल तर त्याची प्रत. नव्या आय-२०वर स्वतःची सही करायला विसरू नका. पात्रतेचा प्रकार विचारतात तिथे पदवीनंतरच्या ओपीटीसाठी `(c)(3)(B)` निवडायचं असतं. पदवीआधीच्या ओपीटीचा प्रकार `(c)(3)(A)` आहे आणि घाईत नेमका तोच निवडला जातो. सोशल सिक्युरिटी नंबर अजून नसेल तर तो याच अर्जात मागता येतो, वेगळी खेप वाचते. एप्रिल २०२४पासून ऑनलाइन अर्जाचं शुल्क ४७० डॉलर आणि कागदी अर्जाचं ५२० डॉलर झालं. शुल्क अधूनमधून बदलतं, म्हणून भरायच्या दिवशी यूएससीआयएसच्या पानावर आकडा पाहून घ्या.

आता या साऱ्यातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. ओपीटी कोणत्या दिवशी सुरू व्हावी, हे विद्यार्थी स्वतः सांगतो. शिक्षण संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ६० दिवसांपर्यंतची कोणतीही तारीख चालते. भाचीला १८ मे ते १६ जुलै यांतली निवडायची होती. तिच्या बरोबरीच्या बहुतेकांनी १८ मे टाकली. लवकर सुरू झालेलं बरं, असं वाटणं साहजिक आहे. पण मंजुरीनंतर मिळणाऱ्या वर्क परमिटच्या कार्डावरच्या सुरुवातीच्या तारखेपासून बेकारीचे दिवस मोजले जातात आणि १२ महिन्यांत मिळून असे ९० दिवसच चालतात. शनिवार-रविवार धरले जातात, सुट्ट्या धरल्या जातात, नोकरी नसताना महिनाभर सोलापूरला येऊन राहिलात तर तेही दिवस धरले जातात.

तिने १ जुलै निवडली. तिच्या खोलीतल्या भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर तिने २८ सप्टेंबरभोवती लाल पेनने गोल काढला. तो नव्वदावा दिवस. १८ मे निवडली असती तर तो गोल १५ ऑगस्टला पडला असता. नोकरी तिला लागली १९ ऑगस्टला. १ जुलैपासून मोजले तर १८ ऑगस्टपर्यंत ४९ दिवस होतात. १८ मेपासून मोजले तर ९३. तीच मुलगी, तीच नोकरी, तोच रुजू होण्याचा दिवस. एका हिशेबात ती नियमात बसते आणि दुसऱ्यात तीन दिवसांनी बाहेर जाते.

याचा अर्थ सगळ्यांनी शेवटची तारीख घ्यावी असा नाही. हातात नोकरी आली असेल तर तिच्या रुजू होण्याच्या दिवसाला धरून तारीख घ्या, कारण कार्ड हातात येऊन त्यावरची तारीख उजाडेपर्यंत एक तासही काम करता येत नाही, बिनपगारी प्रशिक्षणसुद्धा नाही. अर्जच उशिरा केला तर वेगळाच तोटा होतो. ओपीटी शिक्षण संपल्यापासून १४ महिन्यांच्या आत संपावी लागते. मंजुरी उशिरा आली तर पुढचे महिने वाढवून मिळत नाहीत, ते कापले जातात. कार्ड एकदा मंजूर झालं की तारीख बदलत नाही. म्हणून अर्ज लवकर करा आणि सुरुवातीची तारीख मात्र विचार करून टाका.

नोकरी म्हणजे काय, याचीही व्याख्या आहे. काम आपल्या पदवीच्या विषयाशी थेट निगडित हवं आणि आठवड्याला किमान २० तासांचं हवं. पहिल्या वर्षात दोन-तीन कामं मिळून २० तास भरले तरी चालतं. विषयातलं बिनपगारी कामही चालतं, ते कामगार कायद्याला धरून असलं म्हणजे झालं. प्राध्यापकाच्या संशोधनात आठवड्याला २० तास मदत करून कित्येक मुलं आपले दिवस थांबवतात. तसं करताना प्राध्यापकाकडून तास, तारखा आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं पत्र आधीच घेऊन ठेवा. किराणा दुकानात गल्ल्यावर बसणं डेटा सायन्सच्या पदवीशी जुळत नाही. त्याने दिवस तर थांबत नाहीतच, वर नियमभंग होतो.

काम मिळालं तरी ते सेविसमध्ये दिसलं पाहिजे. ओपीटी सुरू होण्याच्या सुमारास सेव्हिप पोर्टल या विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी संकेतस्थळावर खातं उघडण्यासाठी ईमेल येते. भाचीची स्पॅममध्ये पडली होती. ती सापडली नाही तर डीएसओला सांगून पुन्हा मागवता येते. मालकाचं नाव, पत्ता, रुजू होण्याची तारीख आणि काम आपल्या विषयाशी कसं जोडलेलं आहे हे १० दिवसांच्या आत भरायचं. घराचा पत्ता बदलला तरी तेच. नोंद नसेल तर तुम्ही रोज ऑफिसला जात असलात तरी यंत्रणेच्या लेखी बेकार असता. मे २०२५मध्ये, नोंदीत मालकाचं नाव नसलेल्या अनेक विद्यार्थ्यांना सरकारकडून पत्रं गेली: १५ दिवसांत माहिती भरा, नाहीतर नोंद रद्द होईल. त्यांतल्या काहींना नोकरी होती, नोंद तेवढी नव्हती.

भाचीची परीक्षा तिथे संपली नाही. ३१ जानेवारी २०२५ला कंपनीने तिच्या गटातल्या सगळ्यांना कमी केलं. रात्री तिचा फोन आला, पहिलाच प्रश्न, "मावशी, पुन्हा नव्वद मिळतात का गं?" नाही मिळत. नव्वद हा एकूण आकडा आहे. ४९ आधीच गेले होते, उरले ४१. १ फेब्रुवारीपासून मोजले तर १३ मार्चपर्यंत. २४ फेब्रुवारीला ती नव्या ठिकाणी रुजू झाली. मधले २३ धरून एकूण ७२ खर्च झाले, हातात १८ राहिले.

तिची पदवी स्टेममध्ये मोडत असल्याने पुढचे २४ महिने मागता आले. स्टेम आहे की नाही हे अभ्यासक्रमाच्या नावावर ठरत नाही, आय-२०वर छापलेल्या सीआयपी या अभ्यासक्रमाच्या वर्गीकरण क्रमांकावर ठरतं. एकाच नावाचे दोन अभ्यासक्रम दोन विद्यापीठांत वेगळ्या क्रमांकाचे असू शकतात, म्हणून प्रवेश घेतानाच तो पाहा. या वाढीचा अर्ज चालू कार्ड संपण्याआधीच्या ९० दिवसांत करायचा. तिचं कार्ड ३० जूनला संपत होतं, म्हणून १ एप्रिलपासून. डीएसओच्या नव्या शिफारशीनंतर इथे ६० दिवस मिळतात आणि प्रकार `(c)(3)(C)` असतो. अर्ज वेळेत पोचला असेल तर जुनं कार्ड संपल्यावरही १८० दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येतं.

अटी मात्र कडक होतात. मालक ई-व्हेरिफाय या कामाची पात्रता तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेत नोंदलेला हवा. प्रत्येक नोकरी किमान २० तासांची आणि पगारी हवी. बिनपगारी कामाची सोय इथे संपते. मालक आणि विद्यार्थी मिळून आय-९८३ हा प्रशिक्षणाचा आराखडा भरतात: काय शिकवणार, कोण देखरेख करणार, पगार किती. दर सहा महिन्यांनी माहिती बरोबर असल्याचं डीएसओला कळवावं लागतं आणि पहिल्या वर्षाअखेर व शेवटी स्वतःचं मूल्यमापन द्यावं लागतं. आराखडा भरायला टाळाटाळ करणारा, 'नाव आमच्याकडे लाव, काम नंतर बघू' म्हणणारा मालक भेटला तर तिथून निघा. अशी कागदावरची नोकरी उघडकीला आली तर पुढचा प्रत्येक व्हिसा अडतो.

बेकारीचे दिवस या टप्प्यात ६०ने वाढतात, म्हणजे दोन्ही टप्पे मिळून १५०. पहिल्या वर्षातले खर्च झालेले त्यातून वजा होतात. भाचीकडे १५० वजा ७२, म्हणजे ७८ दिवस आले.

ओपीटी नीट पूर्ण झाली तर शेवटी ६० दिवस मिळतात, सामान आवरायला, दुसऱ्या शिक्षणाला प्रवेश घ्यायला किंवा स्टेटस बदलण्याचा अर्ज करायला. त्या दिवसांत काम करता येत नाही. आणि ज्याची बेकारीची मर्यादा ओलांडली गेली, त्याला हे ६० दिवस मिळत नाहीत.