बिलातली ‘ओव्हरहेड’ची ओळ: एकाच शाफ्टचे तीन हिशेब

१ जूनला मासेमारी बंद झाली, होड्या वर ओढल्या, शाकारल्या, की रत्नागिरीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये शाफ्ट, बुश आणि पंख्यांची रांग लागते. त्याच गर्दीत एका होडीमालकांनी विचारले, “सळई मीच आणून दिली. मग तुमचा ओव्हरहेड कमी का झाला नाही?” प्रश्न रास्त होता. काउंटरवर उभ्या उभ्या त्याचे धड उत्तर देता आले नाही, म्हणून ते इथे लिहीत आहोत.

ओव्हरहेड म्हणजे वरखर्च. दुकानाचे भाडे, विजेचे बिल, लेथचा घसारा आणि दुरुस्ती, कापायची टूल, कुलंट, विमा, देखरेख करणाऱ्याचा पगार. हे पैसे कुठल्या एका होडीसाठी खर्च होत नाहीत, पण सगळ्या होड्यांच्या कामातून निघावे लागतात. हा नफा नव्हे. नफ्याची ओळ बिलात खाली वेगळी असते.

समजायला सोपे जावे म्हणून आकडे गोल केले आहेत. वर्षाचा वरखर्च ७,२०,००० रुपये धरा. तीन कारागीर मिळून वर्षाला ६,००० तास काम करतात. लेथ आणि मिलिंग मिळून ३,००० तास चालतात. वर्षभराचा माल १८ लाखांचा आणि मजुरी ६ लाखांची, म्हणजे थेट कामावर लागणारा मूळ खर्च २४ लाख. यालाच हिशेबनीस प्राइम कॉस्ट म्हणतात.

आता तोच वरखर्च वाटायच्या तीन पद्धती. मजुरीच्या तासाने वाटला तर ७,२०,००० भागिले ६,०००, म्हणजे तासाला १२० रुपये. मशीनच्या तासाने वाटला तर तासाला २४० रुपये. मूळ खर्चाच्या टक्क्याने वाटला तर ३० टक्के. वर्षभर अंदाजाप्रमाणे काम झाले तर तिन्हींतून आमच्या हाती तेच ७,२०,००० येतात. बदलते ते एवढेच, की कोणाच्या होडीवर किती बसतात.

एक शाफ्ट घेऊ

५० मिलिमीटर जाडीचा, अडीच मीटर लांबीचा स्टेनलेसचा शाफ्ट. सळई सुमारे ४० किलो. ३०० रुपये किलोने १२,००० रुपये. कारागीर आणि मदतनीस मिळून १२ तास, सरासरी १०० रुपयांप्रमाणे १,२०० रुपये. मूळ खर्च १३,२००. सळई स्टेडीवर, म्हणजे लेथवरच्या मधल्या आधारावर, बसवून सरळ धरणे, बाहेरून कातणे, पंख्याच्या बाजूचा निमुळता टेपर, आटे आणि शेवटी मिलिंगवर कीवे, म्हणजे चावीची खाच: एकूण ८ मशीन तास. काम मशीनवर बांधण्याचा वेळही यात धरतो, कारण तेवढा वेळ ते मशीन दुसऱ्याच्या कामाला मिळत नाही.

मजुरीच्या तासाने वरखर्च १,४४० रुपये येतो. मशीनच्या तासाने १,९२०. टक्क्याने ३,९६०.

शाफ्ट एकच, लेथ तोच, कारागीरही तेच. मग टक्क्याने दुपटीहून जास्त का? कारण तो आकडा लेथकडे पाहतच नाही, सळईच्या भावाकडे पाहतो. हाच शाफ्ट साध्या पोलादात करायचा म्हटले, तर ७० रुपये किलोने माल २,८०० रुपयांचा. स्टेनलेस जरा सावकाश कापावे लागते, म्हणून इथे मशीनचा एक तास वाचेल आणि मजुरीचाही एक. मूळ खर्च ३,९०० आणि ३० टक्क्यांनी वरखर्च १,१७०. काम एका तासाने कमी झाले आणि वरखर्च २,७९० रुपयांनी उतरला! वीज तेवढी वाचली नाही, भाडे तर मुळीच नाही. मशीनच्या तासाने हाच फरक २४० रुपयांचा दिसतो, आणि तो पटण्यासारखा आहे.

आता सळई घरून आणणाऱ्या मालकांचे पाहू. स्टेनलेसचाच शाफ्ट, पण बिलात माल शून्य. मूळ खर्च १,२०० आणि टक्क्याने वरखर्च ३६० रुपये. आठ तास लेथ आणि मिलिंग त्यांच्यासाठी चालले, तरी. उरलेला वरखर्च कोणी भरायचा? ज्यांनी महागडी सळई आमच्याकडूनच घेतली, त्यांनी. कबूल करतो, पूर्वी आम्हीही टक्क्यानेच बिल लावत होतो. एका गुणाकारात काम होते, हेच त्या पद्धतीचे आकर्षण. माल सगळ्यांचा सारखा आणि काम सारखे असेल तिथे ती चालून जाते. आमच्याकडे दोन्ही तसे नाही.

मग १,४४० खरे की १,९२०?

वर्षाच्या सरासरीत मजुरीच्या दोन तासांमागे मशीनचा एक तास पडतो. शाफ्टमध्ये बारा तासांमागे आठ पडले, म्हणजे हे काम सरासरीपेक्षा मशीनवर जास्त झुकलेले. म्हणून इथे मशीन-तासाचा आकडा मोठा येतो, आणि शाफ्टपुरता तोच सत्याच्या जवळ आहे.

पण एकच मशीन-दर सगळ्यांना लावला तर उलटी चूक होते. मिरकरवाड्याच्या जेटीवर जाऊन इंजिन आणि शाफ्टची लाईन जुळवायची असेल, तर दोन माणसे दहा-दहा तास वाकून असतात, आणि वर्कशॉपमध्ये बुशसाठी लेथ एकच तास चालतो. मशीन-तासाने वरखर्च २४० रुपये, मजुरीच्या तासाने २,४००. पहिल्यात आमचे नुकसान, दुसऱ्यात न चालवलेल्या लेथचा भार तुमच्या माथी.

म्हणून आम्ही वरखर्चाच्या दोन राशी केल्या. वीज, घसारा, टूल, मशीनची दुरुस्ती आणि मशीनखालच्या जागेचे भाडे अशी ४,२०,००० ची रास मशीन-तासांवर, म्हणजे तासाला १४० रुपये. देखरेख, विमा आणि बाकीचे ३,००,००० माणसांच्या तासांवर, तासाला ५० रुपये. शाफ्टला मग १,१२० अधिक ६००, म्हणजे १,७२० रुपये. लाईन जुळवायला १४० अधिक १,०००, म्हणजे १,१४०. सळई कोणीही आणली तरी हे आकडे हलत नाहीत. त्या मालकांच्या प्रश्नाचे उत्तर हेच.

यातही एक खोट आहे. लेथ आणि मिलिंगला आम्ही एकच दर लावतो. काटेकोरपणे पाहिले तर प्रत्येक मशीनचा दर वेगळा हवा. दोन मशीनच्या दुकानात तेवढी उठाठेव परवडत नाही.

दर एप्रिलमध्ये वर्षाच्या अंदाजावर ठरतो, त्यामुळे तासांचा अंदाज महत्त्वाचा. दोन मशीनचे पूर्ण तास ४,००० होतात. नेहमीची वीज जाणे, दुरुस्ती आणि कामाविना जाणारे दिवस यांसाठी एक चतुर्थांश वजा करून ३,००० धरतो. २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती. तसे काही झाले तर ते बुडालेले तास आमच्या तोट्यात जातात. त्यासाठी दर वाढवून पुढच्या गिऱ्हाइकाकडून वसूल करत नाही.

घाई असेल तर मात्र आधी सांगा. होडी पाण्यात उतरवायची म्हणून तुम्ही रात्रपाळी करून घेतलीत, तर ओव्हरटाइमची जादा मजुरी तुमच्याच कामावर पडते. आमच्याकडे कामे तुंबली म्हणून आम्हीच रात्री थांबलो, तर ती वरखर्चात जाते. या नियमावरून दर जुलैत वाद होतात, म्हणून आता कामाची नोंद असलेल्या जॉब कार्डावर आधीच सही घेतो.

बिलाबरोबर जॉब कार्ड मागून घ्या. त्यावर मशीन सुरू-बंद झाल्याच्या वेळा आणि माणसांचे तास वेगवेगळे लिहिलेले असतात. मशीनच्या तासांना १४० ने, माणसांच्या तासांना ५० ने गुणा आणि बेरीज ओव्हरहेडच्या ओळीशी ताडून पाहा. जुळली नाही, किंवा तुमची सळई मशीनवर चढलेलीच नव्हती अशा वेळी मशीन-तास लावलेले दिसले, तर पैसे देण्याआधी कार्ड घेऊन काउंटरवर या.