हॅटट्रिक: क्रिकेटमधली सलग, फुटबॉलमधली नुसती तीन

२०२२च्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना आम्ही घरात सगळे मिळून पाहिला. किलियन एमबापेने तिसरा गोल केला आणि समालोचक ‘हॅटट्रिक’ म्हणून ओरडला, तसा माझा मोठा भाऊ गोंधळला. आयुष्यभर क्रिकेट पाहिलेला माणूस तो. त्याचं म्हणणं, “अरे, मध्ये मेस्सीने गोल मारला ना? मग हॅटट्रिक तुटली नाही का?” प्रश्न अगदी रास्त होता. एकच शब्द दोन खेळांत वेगवेगळ्या अटींवर वापरला जातो, आणि त्याचं कारण हा शब्द जिथून आला तिथे आहे.

हा शब्द मुळात क्रिकेटचा. १८५८ साली इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात, हाइड पार्क मैदानावर, ऑल इंग्लंड इलेव्हन हा व्यावसायिक खेळाडूंचा संघ खेळत होता. समोर मात्र बावीस जणांचा स्थानिक संघ. हे संघ गावोगाव फिरून सामने खेळत आणि लढत बरोबरीची व्हावी म्हणून यजमानांना दुप्पट खेळाडू घ्यायची मुभा असे. त्या सामन्यात एच. एच. स्टीफन्सनने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले. प्रेक्षकांनी वर्गणी काढली आणि त्या पैशांतून त्याला टोपी भेट दिली. टोपी मिळवून देणारी करामत, म्हणून हॅटट्रिक. कसोटी क्रिकेटमधली पहिली हॅटट्रिक २ जानेवारी १८७९ रोजी मेलबर्नला झाली. ऑस्ट्रेलियाच्या फ्रेड स्पॉफर्थने ती इंग्लंडविरुद्ध घेतली.

क्रिकेटमध्ये हे मोजणं सोपं आहे, कारण खेळच सुट्या चेंडूंचा बनलेला आहे. २००६ साली कराचीत इरफान पठाणने कसोटीच्या पहिल्याच षटकात काय केलं ते आठवा. चौथ्या चेंडूवर सलमान बट स्लिपमध्ये झेलबाद, पाचव्यावर युनूस खान पायचीत, सहाव्यावर मोहम्मद युसूफचा त्रिफळा. फलकावर धावा शून्य आणि गडी तीन. यात कुणाला शंका यायचं कारणच नाही.

शंका येते ती चेंडू विखुरले की. नियमाचा गाभा एवढाच: गोलंदाजाने स्वतः टाकलेले तीन लागोपाठचे चेंडू, आणि तिन्हींवर त्याच्या नावावर जमा होणारा बळी. मध्ये दुसऱ्या टोकाकडून दुसऱ्या कुणी षटक टाकलं तरी चालतं, डाव बदलला तरी चालतं. मात्र सामना तोच हवा.

याचं सगळ्यात विलक्षण उदाहरण म्हणजे १९८८च्या डिसेंबरातली पर्थची कसोटी. ऑस्ट्रेलियाच्या मर्व्ह ह्यूजने वेस्ट इंडिजच्या कर्टली अँब्रोझला आपल्या एका षटकाच्या शेवटच्या चेंडूवर बाद केलं. त्याच्या पुढच्या षटकाच्या पहिल्या चेंडूवर पॅट्रिक पॅटरसन गेला आणि वेस्ट इंडिजचा पहिला डाव ४४९ धावांवर संपला. मग ऑस्ट्रेलियाने फलंदाजी केली, ८ बाद ३९५वर डाव घोषित केला. वेस्ट इंडिज पुन्हा फलंदाजीला उतरले आणि ह्यूजने दुसऱ्या डावातल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर गॉर्डन ग्रीनिजला पायचीत केलं. झाली हॅटट्रिक! दुसऱ्या आणि तिसऱ्या बळीच्या मधे एका संघाचा अख्खा डाव होऊन गेला, पण ह्यूजच्या हातून सुटलेले चेंडू मात्र एकापाठोपाठ एक असे तीनच. मैदानावर बसलेल्या माणसालाही हिशेब केल्याशिवाय हे कळलं नसतं.

उलट एक प्रसंग असा असतो की वाटतं हॅटट्रिक झाली, पण ती झालेली नसते. तीन चेंडूंत तीन गडी गेले, पण मधला धावबाद होता. धावबाद गोलंदाजाच्या खात्यात जात नाही, त्यामुळे तिथे त्याची साखळी तुटते. संघाने तीन चेंडूंत तीन बळी मिळवले, एवढंच म्हणता येतं.

हा शब्द फुटबॉलमध्ये गेला तेव्हा ‘तीन’ सोबत गेले आणि ‘सलग’ मागे राहिलं. माझ्या मते ते राहणारच होतं. फुटबॉलमध्ये चेंडूफेकीसारखं मोजायचं एककच नाही, खेळ अखंड वाहता. गोलंदाजाला पुढचा चेंडू हमखास मिळतो, स्ट्रायकरला पुढची संधी अर्ध्या तासानेही मिळेल किंवा मिळणारही नाही. म्हणून तिथे अट उरली ती इतकीच की एका खेळाडूने एकाच सामन्यात तीन गोल करायचे. मध्ये कुणीही गोल केले तरी बिघडत नाही, आणि जादा वेळेतला गोलही धरतात. चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला तर तो गोल मोजत नाहीत.

आता भावाच्या प्रश्नाकडे येऊ. एमबापेने ८०व्या मिनिटाला पेनल्टीवर, ८१व्या मिनिटाला खेळातून आणि जादा वेळेत ११८व्या मिनिटाला पुन्हा पेनल्टीवर गोल केला. मेस्सीचा गोल १०८व्या मिनिटाचा. तो मध्ये आला तरी हॅटट्रिक पक्की. सामना ३-३ असा सुटल्यावर शूटआउट झालं, त्यात फ्रान्सची पहिली किक एमबापेनेच जाळ्यात मारली. पण ती त्याचा चौथा गोल ठरली नाही. शूटआउटमधल्या किका फक्त विजेता ठरवायला असतात, खेळाडूच्या गोलसंख्येत त्या धरत नाहीत.

गंमत म्हणजे सलगपणाचा आग्रह फुटबॉलमध्ये पूर्णपणे मेलेला नाही. जर्मनीत जुन्या अर्थाने हॅटट्रिक म्हणजे एकाच अर्ध्यात एकाच खेळाडूने लागोपाठ केलेले तीन गोल, मध्ये दुसऱ्या कुणाचा गोल नको. माझा भाऊ जर्मनीत जन्मला असता तर त्याचा आक्षेप बिनचूक ठरला असता!

हा फरक जिथे सगळ्यात ठळक दिसतो तो सामना जर्मनांच्याच विरुद्धचा. १९६६चा विश्वचषक अंतिम सामना, वेम्बली, इंग्लंड विरुद्ध पश्चिम जर्मनी. जेफ हर्स्टने १८व्या मिनिटाला डोक्याने गोल केला. दुसरा १०१व्या मिनिटाला उजव्या पायाने. तो आडव्या दांडीला लागून खाली आपटला, आणि रेषा ओलांडली की नाही यावर अजून वाद घातला जातो. तिसरा १२०व्या मिनिटाला डाव्या पायाने. डोकं, उजवा पाय, डावा पाय अशा तिन्ही तऱ्हांनी केलेल्या गोलांना ‘परफेक्ट हॅटट्रिक’ म्हणतात. पण हर्स्टच्या पहिल्या दोन गोलांच्या मधे दोन्ही संघांचा एकेक गोल झाला होता. म्हणजे जगाच्या लेखी परफेक्ट असलेली ही कामगिरी जर्मनांच्या जुन्या व्याख्येत हॅटट्रिकच नव्हे.

फुटबॉलमध्ये टोपीच्या जागी चेंडू आला. तीन गोल करणारा सामन्याचा चेंडू घरी नेतो आणि त्यावर सहकारी सह्या करतात. सामना संपल्यावर एखादा खेळाडू जर्सीखाली चेंडू दडवून चालताना दिसला तर समजावं, त्याने तीन गोल केले आहेत. हर्स्टला मात्र त्या दिवशी चेंडू मिळाला नाही. जर्मनीचा पहिला गोल करणारा हेल्मुट हालर तो घेऊन गेला आणि तीस वर्षं तो जर्मनीतच राहिला. १९९६ साली हालरने तो इंग्लंडला परत केला.