बियाण्याच्या पाकिटावरील पेरणी-सूचना : बेळगाव सीमाभागातील वाचन आणि रूपांतर

बियाण्याच्या पाकिटामागे पेरणीची खोली, दोन ओळींतले व दोन रोपांतले अंतर आणि महिन्यांचा तक्ता छापलेला असतो. तो मजकूर फोटोतून वाचून मराठीत आणणे आणि आपल्या जमिनीला, आपल्या पावसाला लागू पडेल असा बदलून घेणे, ही बेळगाव जिल्ह्यातील मराठी घरांत रुळलेली रीत आहे. इथे दुकानात मिळणारी पाकिटे बहुतेक कन्नड आणि इंग्रजीत असतात. परदेशी राहणारे नातेवाईक सुट्टीला येताना फुलांच्या आणि भाज्यांच्या बिया आणतात. परड्यात वाफा करणाऱ्या आईला किंवा काकांना ती अक्षरे वाचता येत नसतील, तर पाकिटाचा फोटो काढून वाचू शकणाऱ्या मुलाला किंवा शेजाऱ्याला पाठवला जातो. भाषेची अडचण अशी सुटते, हवामानाची मात्र तशीच राहते. म्हणून या नोंदीत दोन्ही कामे वेगळी धरली आहेत.

फोटोतच पहिली चूक शिरते. पाकिटाचा कागद चकचकीत असतो आणि फ्लॅशचा डाग नेमका आकड्यावर पडतो. बी आधीच काढून घेतलेले असेल तर फाडलेल्या कडेबरोबर एखादी ओळ गेलेली असते. इंग्रजी पाकिटावर इंचाचा अपूर्णांक बारीक अक्षरात छापतात. १/२ मधली तिरकी रेघ फोटोत पुसट झाली की अर्ध्या इंचाचे बारा इंच वाचले जातात. ०.५ मधला टिंब हरवला की पाच उरतात. यावर उपाय पाकिटावरच असतो. ब्रिटिश पाकिटांवर बहुधा सेंटिमीटर आणि इंच दोन्ही दिलेले असतात, ते एकमेकांशी पडताळावेत. एक इंच म्हणजे सुमारे अडीच सेंटिमीटर, म्हणून एक सेंटिमीटरच्या शेजारी अर्धा इंच जुळतो, बारा इंच जुळत नाही. महिन्यांचा तक्ता रंगीत पट्ट्यांचा असतो आणि कोणत्या रंगाचा अर्थ काय, ते कोपऱ्यात लिहिलेले असते. तो कोपरा फोटोत आला नाही तर काढणीची पट्टी पेरणीची समजली जाते. पाकीट सपाट ठेवून, सावलीत, चारही कडा दिसतील असा एक फोटो आणि आकड्यांचा जवळून दुसरा फोटो, एवढे पुरते.

कन्नड पाकिटावर मराठी माणसाला फसवणारे शब्द नेमके ओळखीचे वाटणारेच असतात. कन्नडमध्ये ‘आळ’ म्हणजे खोली. मराठी कानाला त्यात झाडाभोवतीचे आळे ऐकू येते, आणि ‘बित्तने आळ’ याचा अर्थ आळे करून पेरा असा लावला जातो. ‘सालु’ म्हणजे ओळ, तिचा वर्षाशी किंवा सालीशी संबंध नाही. ‘सालिनिंद सालिगे’ म्हणजे ओळीपासून ओळीपर्यंत, आणि ‘गिडदिंद गिडक्के’ म्हणजे रोपापासून रोपापर्यंत. हे दोन आकडे उलटे वाचले तर वाफा बिघडतो. हंगामासाठी ‘मुंगारु’ म्हणजे खरीप, ‘हिंगारु’ म्हणजे रब्बी आणि ‘बेसिगे’ म्हणजे उन्हाळी. ‘अंतर’ आणि ‘बीज’ हे शब्द मात्र आपलेच आहेत.

इंग्रजी पाकिटावर बागकामाची स्वतःची बोली असते. तिथे ‘ड्रिल’ म्हणजे छिद्र पाडण्याचे यंत्र नसून बी टाकण्यासाठी काढलेली उथळ रेघ. ‘थिनली’ पेरा म्हणजे विरळ पेरा, आणि पुढच्याच वाक्यातले ‘थिन’ करा म्हणजे उगवल्यानंतर विरळणी करा. शब्द एकच असला तरी एक काम पेरणीच्या दिवशीचे आहे आणि दुसरे तीन-चार आठवड्यांनंतरचे. बी गुलाबी किंवा हिरव्या रंगाचे असेल तर त्याला बुरशीनाशक लावलेले असू शकते. अशा वेळी बाकीचा मजकूर राहिला तरी चालेल, पण ते बी खाऊ नये आणि हाताळल्यावर हात धुवावेत, ही सूचना घरातल्या सगळ्यांना सांगितलीच पाहिजे.

एक उदाहरण शेवटपर्यंत पाहू. इंग्लंडहून नान्त जातीच्या गाजराचे पाकीट आले आहे. सूचना अशा : मार्च ते जुलैमध्ये जागेवरच विरळ पेरा, रेघ १ सेंटिमीटर खोल, ओळींत ३० सेंटिमीटर अंतर, उगवल्यावर विरळणी करून रोपांत ५ सेंटिमीटर राखा, काढणी जून ते ऑक्टोबर. या ओळी जशाच्या तशा मराठीत आणल्या तर भाषांतर बरोबर ठरेल आणि पीक हातचे जाईल.

अंतर फारसे बदलावे लागत नाही. ३० सेंटिमीटर म्हणजे वीतभरापेक्षा थोडे जास्त आणि ५ सेंटिमीटर म्हणजे साधारण तीन बोटे. तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद वाफ्यात लांबीच्या दिशेने तीन ओळी बसतात, म्हणजे ओळीची एकूण लांबी नऊ मीटर. मीटरला वीस गाजरे धरली तर १८० होतात. बी तिप्पट टाकावे लागते, म्हणजे साडेपाचशेच्या आसपास. गाजराच्या एका ग्रॅममध्ये आठशेच्या घरात बी असते, तेव्हा पाऊण ग्रॅमही लागत नाही. ते इतके हलके असते की चिमटीत हिशेब राहत नाही. मूठभर कोरड्या वाळूत मिसळून रेघेत सोडले की ते सारखे पडते. विरळणी मात्र टाळू नये. उपटताना जीव हळहळतो, पण दाट राहिलेल्या रोपांना पाला येतो आणि खाली बोटाएवढेही गाजर भरत नाही.

खोलीच्या बाबतीत जमीन बोलते. एक सेंटिमीटर हा आकडा सतत ओल असलेल्या, थंड, भुसभुशीत मातीसाठी आहे. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतली तांबडी माती पाणी लवकर सोडते आणि वरचा थर उन्हाने पटकन सुकतो. तिथे दीड सेंटिमीटरपर्यंत गेले तरी चालते. पूर्वेकडे अथणी, गोकाक भागांतल्या काळ्या जमिनीत उलट आहे. पाणी दिल्यावर ती वरून घट्ट होते आणि गाजराच्या नाजूक कोंबाला ती खपली फोडता येत नाही. तिथे खोली एक सेंटिमीटरच ठेवावी, पण बी मातीने न झाकता चाळलेल्या कुजक्या शेणखताने किंवा वाळूने झाकावे. उगवेपर्यंत वर ओले गोणपाट अंथरून कोंब दिसताच उचलावे. ताजे शेणखत मात्र वाफ्यात नको, मुळे फाटतात आणि एका गाजराला तीन पाय फुटतात. खडे असले तरी तसेच होते.

बारा दिवस झाले आणि काही दिसत नाही, तर ओळीतली इंचभर माती अलगद उकरून पाहावी. पांढरा कोंब खालीच वाकडा झालेला असेल तर बी खोल गेले किंवा वर खपली धरली. बी जसेच्या तसे कोरडे असेल तर ओल कमी पडली. बीच सापडत नसेल तर मुंग्यांनी नेले. फुगलेले पण न उगवलेले बी दिसले तर पाकिटावरचे वर्ष पाहावे, कारण गाजराच्या बियाण्याची उगवण दोन-तीन वर्षांनंतर उतरत जाते.

आता महिने. पाकिटावरच्या मार्चमध्ये एक न छापलेले वाक्य दडलेले असते : हिवाळ्यात गारठलेली माती सुमारे सात अंशांच्या वर आली की पेरा, आणि पुढे सौम्य उन्हाळा आहे हे धरून चला. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथला उन्हाळा आजूबाजूच्या सखल भागापेक्षा सुसह्य असतो. तरी मार्च-एप्रिलमध्ये पारा ३५ अंशांच्या आसपास जातो आणि उघड्या मातीचा वरचा थर हवेपेक्षा बराच जास्त तापतो. एक सेंटिमीटरवरचे बी तिथे भाजल्यासारखे होते. जे उगवते त्याचा रंग फिका राहतो आणि मूळ आखूड होते. गाजराला रंग भरायला १५ ते २० अंशांचा काळ लागतो. जूनमध्ये पेरावे तर मृगाच्या सरी बी वाहून नेतात आणि पुढे महिनोन्‌महिने वाफ्यात पाणी साचते.

म्हणून महिना न भाषांतरता त्यामागची अट भाषांतरावी : माती ओली पण निचऱ्याची, ऊन उतरलेले, आणि पुढचे तीन महिने गारव्याचे. बेळगाव परिसरात ही अट परतीचा पाऊस ओसरताना पुरी होते. जुन्या शेतकऱ्यांच्या हिशेबात हस्त नक्षत्र २७ सप्टेंबरच्या सुमारास लागते आणि चित्रा १० ऑक्टोबरच्या सुमारास. हस्ताचा पाऊस जोराचा असतो, तेव्हा चित्राच्या पहिल्या आठवड्यात बी टाकणे बरे. १५ ऑक्टोबरला पेरलेल्या गाजराचे नव्वद दिवस १३ जानेवारीला भरतात, म्हणजे भोगीच्या भाजीला घरचे गाजर मिळते. पाकिटावरची लांबलचक काढणी इथे लागू नाही. फेब्रुवारी सरल्यावर वाफ्यात राहिलेली गाजरे तडकतात आणि आतून लाकडासारखी होतात.

जिल्ह्यात सगळीकडे एकच तारीख चालत नाही. खानापूरच्या घाटाकडच्या भागात पाऊस जास्त पडतो आणि उशिरापर्यंत रेंगाळतो, शिवाय शेत भातात अडकलेले असते. तिथे परड्यातला गादीवाफाच कामाचा, आणि पेरणी स्वातीत म्हणजे २४ ऑक्टोबरनंतर. पाकिटावर गाजरमाशीपासून जाळी लावायची सूचना असते. ती कीड थंड प्रदेशातली आहे, त्यासाठी इथे जाळी विकत घेण्याचे कारण नाही.

महिने सरकवून सगळेच जमते असे नाही. त्याच पार्सलमध्ये इंग्लंडचे कांद्याचे बी आले तर ते बाजूला ठेवावे लागते. तिकडच्या कांद्याला गड्डा धरायला १४ ते १६ तासांचा दिवस लागतो. लंडनचा सर्वात मोठा दिवस साडेसोळा तासांचा आहे, बेळगावचा सुमारे तेरा तासांचा. पाणी देता येते, सावली करता येते, पण दिवस लांबवता येत नाही. अशा बियाण्याला हिरवी पात चांगली येते आणि गड्डा धरतच नाही. पेरणाऱ्याला आपले चुकले असे वाटत राहते, म्हणून कांद्याच्या पाकिटावर दिवसाच्या लांबीचा उल्लेख आहे का, हे फोटो वाचणाऱ्याने पेरणीआधीच शोधावे. तसा उल्लेख नसेल आणि पाकीट उत्तर युरोपातले असेल, तर पातीसाठी म्हणूनच ते पेरावे.

गाजरासारख्या जमणाऱ्या पिकातही पहिल्या वर्षी नेमकी तारीख हाती लागत नाही. बी तीन वाटण्यांत विभागून हस्त, चित्रा आणि स्वाती अशा तीन नक्षत्रांत एकेक ओळ पेरावी. पाकीट फेकू नये. त्याच्या पाठीवर मराठीत पेरल्याची तारीख, उगवल्याची तारीख आणि कोणती ओळ आधी भरली, ते लिहावे. हस्ताची ओळ वाहून गेली आणि स्वातीची लहान राहिली, तर पुढच्या वर्षी चित्राची तारीख धरावी. हस्ताचीच ओळ सर्वात भरलेली निघाली, तर आपल्या वाफ्याचा निचरा चांगला आहे हे कळते आणि पुढच्या वर्षी दोन आठवडे आधी पेरता येते.