आई मृत्युपत्र न करता गेली, लेक तिच्याआधीच वारलेली: नवरा, मुलगा आणि नातवंडं यांना किती हिस्सा आणि कागद काय लागतात

आमच्या मावशीच्या घरातलंच सांगतो म्हणजे लगेच कळेल. मावशी 2022 ला गेली, मृत्युपत्र वगैरे काही नाही. मागे काका, दादा, आणि ताईची दोन मुलं. ताई 2018 लाच गेलेली. मावशीच्या एकटीच्या नावावर एक फ्लॅट, बँकेत 9 लाखांची एफडी आणि तिच्या वडिलांकडून म्हणजे आमच्या आजोबांकडून वारसाने आलेली 60 गुंठे जमीन. तेराव्याला जे जमले त्यातल्या निम्म्या लोकांचं म्हणणं, मुलगी वारली तिथेच तिचा हक्क संपला, उरलेल्यांचं म्हणणं जमीन माहेरची आहे तर काकांचा त्यात काय संबंध. दोन्ही चूक.

बाईच्या वारसांचा नियम पुरुषापेक्षा वेगळा आहे, हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 चं कलम 15 आणि 16. पहिल्या नंबरावर मुलगे, मुली आणि नवरा एकत्र येतात, सगळ्यांना सारखा हिस्सा. आणि आधी वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलंही त्यातच येतात, फक्त ती डोक्यानुसार नाही मोजायची, आईला जेवढं मिळालं असतं तेवढं सगळ्यांनी मिळून घ्यायचं. म्हणजे इथे हिस्से तीनच झाले: काका एक, दादा एक, ताईचा एक, आणि ताईचा हिस्सा भाची आणि भाच्यात निम्मा निम्मा. एफडीचे काकांना 3 लाख, दादाला 3 लाख, मुलांना दीड दीड लाख. जमीन 20, 20, 10, 10 गुंठे, फ्लॅटमध्येही तसंच, एक तृतीयांश, एक तृतीयांश आणि मुलांना एक एक षष्ठांश. चार माणसं आहेत म्हणून चार सारखे भाग करायचे नाहीत, ही चूक तर शिकलेली माणसंही करतात.

माहेरच्या जमिनीचं म्हणाल तर वडिलांकडून आलेली मालमत्ता त्यांच्या वारसांकडे परत जाते ते फक्त बाईला मूलबाळ किंवा वारलेल्या मुला-मुलीचं मूल कोणीच नसेल तर. इथे मुलगा आहे, नातवंडं आहेत, त्यामुळे त्या जमिनीतही काकांना तिसरा हिस्सा. मामालोकांना हे पचायला जरा वेळ लागला :)

आता भावोजींचं. जावयाला सासूच्या मालमत्तेत थेट हिस्सा नाही, त्यांनी दुसरं लग्न केलं काय न केलं काय, मुलांच्या हक्काला धक्का लागत नाही. पण इथे एक बारीक गोष्ट आहे ती म्हणजे तारीख. ताई मावशीच्या आधी गेली म्हणून मुलांना थेट आजीकडून मिळालं. समजा ताई मावशीनंतर एक महिन्याने गेली असती, तर मावशी गेली त्याच दिवशी तो तिसरा हिस्सा ताईच्या मालकीचा झाला असता आणि मग तो ताईची मालमत्ता म्हणून वाटला गेला असता. ताईनेही मृत्युपत्र केलं नसतं तर भावोजी आणि दोन मुलं, तिघांना सारखा, म्हणजे प्रत्येकी एक नवमांश. आणि ताईला मूलच नसतं आणि ती आधी गेली असती तर हिस्सेच दोन झाले असते, काका आणि दादा, निम्मे निम्मे. म्हणून दोन्ही मृत्यू दाखले शेजारी ठेवून आधी तारखा बघायच्या, बाकी सगळं नंतर.

कागदांमध्ये मावशीचा आणि ताईचा मृत्यू दाखला, सगळ्यांची आधार कार्डं, मुलांचे जन्म दाखले ज्यावर आईचं नाव आहे असे, वंशावळ आणि तिच्यासोबत प्रतिज्ञापत्र, जमिनीचा सातबारा आणि 8अ. आमचं अडलं ते नावात. ताईच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, मृत्यू दाखल्यावर सासरचं, मग ही तीच बाई कशावरून? लग्नाचा दाखला होता म्हणून सुटलो, तो शोधायलाच तीन आठवडे गेले.

जमिनीसाठी वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे, किंवा घरबसल्या ई-हक्कवर, pdeigr.maharashtra.gov.in. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं. मग फेरफार धरला जातो, नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस, आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. नोंद सामाईकच होते, लगेच बांध पडत नाही. गडबड होते ती नेमकी इथे, कारण वंशावळीत वारलेली मुलगी लिहिलीच जात नाही, गावात सगळ्यांना माहिती असूनही. ताईसारख्या कुणाची मुलं तुमच्या घरात असतील तर फेरफार ऑनलाईन बघत रहा, नाव नसेल तर त्या 15 दिवसांत लेखी हरकत द्या. मंजूर झाला असेल तरी 60 दिवसांत प्रांतांकडे अपील करता येतं. आणि तेही हुकलं तरी हिस्सा जात नाही, फेरफार ही महसुलाची नोंद आहे, मालकी कोणाची ते दिवाणी कोर्ट ठरवतं.

एफडीला नॉमिनी दादा होता आणि त्याला वाटलं पैसे त्याचेच. नॉमिनी म्हणजे बँकेने पैसे कोणाच्या हातात द्यायचे एवढंच, वाटायचे वारसांनाच. आमचा दादा ऐकणारा निघाला. नॉमिनी नसता आणि रक्कम बँकेच्या लिमिटच्या वर असती तर कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट आणावं लागलं असतं, ते बँकेतले पैसे, शेअर्स अशा गोष्टींसाठीच असतं. फ्लॅटला ते चालत नाही, तिथे सोसायटी हेअरशिप सर्टिफिकेट, म्हणजे दिवाणी कोर्टाचा वारस दाखला मागू शकते. फ्लॅट जॉइंट नावावर असेल तर आधी बाईचा भाग किती ते ठरवायचं, वाटणी तेवढ्याचीच.

आणि हक्कसोडपत्र. काकांचा विचार होता की फ्लॅट दादाच्या नावावर करून टाकू, भावोजी मुलांतर्फे सही करायला तयारही होते. वकिलांनी थांबवलं. अज्ञान मुलाचा स्थावर मालमत्तेतला हिस्सा बापालाही कोर्टाच्या परवानगीशिवाय सोडता किंवा विकता येत नाही, आणि तसं केलंच तर मूल 18 चं झाल्यावर तीन वर्षांत तो व्यवहार रद्द करून मागू शकतं. असा फ्लॅट पुढे कोण घेणार, बँक तर लोनही देणार नाही.

हे सगळं गोव्यातल्या लोकांनी जसंच्या तसं लावू नका, तिकडचा वारसा कायदा वेगळा आहे.

आमच्या सातबाऱ्यावर शेवटी चार नावं लागली, भाची-भाच्याच्या नावापुढे अ.पा.क. म्हणून भावोजींचं नाव, म्हणजे अज्ञान पालन कर्ता. भाची 18 ची झाल्यावर तो शेरा आपोआप निघत नाही, त्यासाठीही ई-हक्कवर वेगळा अर्ज आहे, जन्म दाखला जोडायचा. तिचा आम्ही केला, भाच्याचा अजून बाकी आहे.