डेकमध्ये बदल करण्याआधी: वाचनक्रम, पर्यायी मजकूर आणि रंग

आम्ही तपासून दिलेला पॉवरपॉइंट डेक तुमच्याकडे जातो, त्यात किरकोळ बदल होतात आणि मग फोन येतो: "स्क्रीन रीडर सगळं मागेपुढे वाचतोय." अशा फायली उघडल्या की बहुतेक वेळा चूक एकाच जागी सापडते. ती टाळली तर तुमचा फेरतपासणीचा खर्च आणि आमचा अर्धा दिवस वाचतो.

पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडवरच्या वस्तू एकावर एक रचलेल्या असतात. कोणती वस्तू कोणाला झाकणार हे जसं या चळतीवरून ठरतं, तसाच स्क्रीन रीडरने पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवण्याचा क्रमही तिच्यावरूनच ठरतो: सगळ्यांत खालची वस्तू आधी, सगळ्यांत वरची शेवटी. त्यामुळे `Bring to Front` दाबलं की ती वस्तू पुढे तर येतेच, पण वाचनात शेवटी जाते. पडद्यावर काहीच बिघडलेलं दिसत नाही, म्हणून चूक लक्षातही येत नाही.

समजा, एका स्लाइडवर शीर्षक, तक्रारींचा आलेख, निष्कर्षाची ओळ आणि तळटीप आहे. कोणीतरी वर रंगीत पट्टी टाकतो. पट्टीखाली शीर्षक झाकलं जातं, म्हणून तो शीर्षक निवडून पुढे आणतो. आता ऐकणाऱ्याला आधी आलेख, मग निष्कर्ष, मग तळटीप, मग पट्टी आणि अगदी शेवटी शीर्षक ऐकू येतं. कशाचा आलेख होता हे तो संपल्यावर कळतं. इथे शीर्षकाला हात न लावता पट्टीवर `Send to Back` करायचं आणि पट्टीच्या `Alt Text` पटलात `Mark as decorative` ही खूण करायची. पट्टी वाचली जात नाही आणि बाकीचा क्रम जागच्या जागी राहतो.

बदल केल्यावर क्रम तपासायला एक मिनिट लागतं. कोणतीही वस्तू निवडलेली नसताना `Tab` दाबत जा. निवड ज्या क्रमाने फिरते तोच वाचनक्रम. हलवाहलव करायची असेल तर `Alt+F10` ने `Selection Pane` उघडा, पण त्यातली यादी खालून वर वाचायची असते. `Review` टॅबमधून उघडणाऱ्या `Reading Order` पटलात मात्र क्रम वरून खाली असतो. दोन्हींची गल्लत झाली की आख्खी स्लाइड उलटी होते, म्हणून कोणतंही एकच पटल वापरा.

नवी स्लाइड जोडताना शीर्षक सुट्या मजकूर-चौकटीत लिहू नका, मांडणीतल्या शीर्षकाच्या जागेतच लिहा. `Outline View` मध्ये स्लाइडच्या आकड्यापुढे शीर्षक दिसलं नाही, तर स्लाइड बिनशीर्षकाची आहे असं समजा.

पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राऐवजी ऐकवला जाणारा मजकूर, लिहिण्याआधी आम्ही "या आलेखातून काय सांगायचंय?" असं विचारतो. काहींना हा उगाच पत्रव्यवहार वाटतो, पण "स्तंभालेख, चार स्तंभ" एवढ्याने ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. "तक्रारी पहिल्या तिमाहीत ४२ होत्या, चौथ्या तिमाहीत १८ वर आल्या, सर्वाधिक घट तिसऱ्या तिमाहीत" हे उपयोगी. सुरुवातीला "चित्र" किंवा "आलेख" लिहायची गरज नसते, वस्तूचा प्रकार स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो.

रंगांत सर्वाधिक त्रास लाल-हिरव्या जोडीचा. रंगांधत्वाच्या नेहमीच्या प्रकारांत हे दोन्ही रंग पिवळट-तपकिरी छटांकडे झुकतात आणि "पूर्ण" व "रखडलेलं" यांतला फरक पुसला जातो. आम्ही त्याऐवजी निळा `#0072B2` आणि शेंदरी `#D55E00` वापरतो. पांढऱ्यावर या निळ्याचा कॉन्ट्रास्ट सुमारे ५.२ भरतो, त्यामुळे तो बारीक अक्षरांनाही चालतो. शेंदरीचा सुमारे ३.९ भरतो: स्तंभांना आणि मोठ्या मथळ्यांना पुरेसा, पण लहान मजकुराला लागणाऱ्या ४.५ पेक्षा कमी. तळटिपा शेंदरीत करू नका. शिवाय रंगाबरोबर शब्दही हवा, म्हणून स्तंभावरच नाव लिहितो. `View` मध्ये `Grayscale` लावूनही स्लाइडचा अर्थ लागला, तर ती रंगांवर विसंबून नाही असं समजा.

पीडीएफ हवी असेल तर प्रिंट करून काढू नका, त्यात रचनेच्या खुणा जातात. विंडोजवर `Save As` मधून पीडीएफ निवडा आणि `Options` मध्ये `Document structure tags for accessibility` वर खूण असल्याची खात्री करा.

आम्ही काम मजकूर पक्का झाल्यावरच घेतो आणि मूळ `.pptx` मागतो, ते याच कारणांसाठी. काम सोपवण्याआधी डेकमधल्या कोणत्याही तीन स्लाइड पाठवा. त्या आम्ही विनामूल्य तपासून काय काय लागेल ते लेखी कळवतो. नंतर बदल केलात, तर फाइलसोबत बदललेल्या स्लाइडचे आकडे लिहा. मग तेवढ्याच स्लाइड पाहू आणि तेवढ्याचंच बिल लावू.