टोचणारी कड, भडकलेली भिंत

एका फर्निचर विक्रेत्यासाठी मुलांच्या खोलीचं थ्रीडी चित्र केलं होतं. पलंग, बुटकं कपाट, खेळण्यांचे उघडे खण, फिकट पिस्ता भिंती. बघताक्षणी तो म्हणाला, "पलंग टोचेल असं वाटतंय. आणि रंग मी फिकट सांगितला होता ना?" दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या, आणि दोन्हींचं मूळ प्रकाशात होतं.

आधी कड. संगणकातल्या ठोकळ्याच्या दोन बाजू एका रेषेवर भेटतात, आणि त्या रेषेला जाडीच नसते. खऱ्या लाकडाची कड थोडी तरी गोल असतेच. त्या गोलाईचा एखादा पट्टा खिडकीचा उजेड नेमका डोळ्याकडे परतवतो आणि कडेवर एक उजळ दोरा दिसतो. हा दोरा जितका रुंद, तितकी वस्तू मऊ वाटते. चित्रात एक पिक्सेल म्हणजे 1 मिमी धरला, तर 2 मिमी त्रिज्येची गोलाई जेमतेम तीन पिक्सेल व्यापते. चित्र निम्मं केलं की ती जवळपास गायब.

म्हणून मी सरळ 12 मिमी दिली. पलंग लोभस दिसू लागला, पण सुतार हसला. फळी 18 मिमीची. वरून 12, खालून 12, बेरीज 24! फार तर 9 मिमी जमेल, आणि लॅमिनेटच्या फळीला कडेची पट्टी लावायची तर 2 मिमीच. शेवटी कड 2 मिमी ठेवून फळीचे कोपरे 50 मिमी त्रिज्येने वळवले. चित्र मऊ झालं आणि वस्तूही तशीच बनणार होती. (कपाट भिंतीला पट्टीने जखडलंय का, हे मात्र कुठल्याच चित्रात दिसत नाही. मूल खण ओढून वर चढू लागलं की खरा धोका तोच.)

आता रंग. समजा, भिंत हिरवा प्रकाश 80 टक्के आणि लाल 60 टक्के परतवते. रंगाच्या नमुन्याच्या तुकड्यावर प्रकाश एकदाच आपटतो, म्हणून हिरवा लालच्या 1.33 पट. खोलीत तोच प्रकाश समोरच्या भिंतीवर पुन्हा आपटतो: 64 विरुद्ध 36, म्हणजे 1.78 पट. तिसऱ्या खेपेला 2.37. खिडकीतून थेट आलेला पांढरा उजेड यात मिसळतो म्हणून परिणाम इतका टोकाचा होत नाही, पण पांढरं कपाटही हिरवट दिसतं ते याचमुळे. चित्रात ही झाक पुसून टाकता येते, पण रंगवलेल्या खोलीत ती येणारच.

म्हणून एकच भिंत पिस्ता ठेवली, तीही आणखी फिकट. छत, जमीन आणि बाकी भिंती पांढरट. खेळकरपणा गेला खणांतल्या डब्यांकडे: तीन पिवळे, एक केशरी. एवढ्याशा क्षेत्रफळावरून परतणारा रंग भिंतींपर्यंत पोहोचेस्तोवर विरतो.

विक्रेत्याने पलंगाबद्दल चकार शब्द काढला नाही. विचारलं ते एवढंच, "हे डबे कुठे मिळतात?"