कालचा बांगडा: न शिजवता ठेवलेली मासळी ताजी आहे का ते ओळखणं

काल बाजारातून आणलेली आणि काही कारणाने राहून गेलेली कच्ची मासळी आज शिजवावी की टाकावी हे वास, डोळे, कल्ले आणि मांसाचा घट्टपणा बघून ठरवतात. मासळी घेताना बघतो त्याच या खुणा, पण फ्रिजमध्ये एक रात्र गेल्यावर त्यांचा अर्थ थोडा बदलतो, म्हणजे बाजारात जो मासा आपण हातात पण घेतला नसता तो घरी दुसऱ्या दिवशी चांगला असू शकतो. इथे बांगड्याचंच धरून सांगतोय, कारण कोकण, गोवा, मुंबईत तो घरोघरी येतो आणि लवकर बिघडणाऱ्यांपैकी आहे.

डोळ्यांवर दुसऱ्या दिवशी फार भरवसा ठेवू नये. ताज्या बांगड्याचा डोळा फुगीर, चकचकीत आणि बाहुली काळीभोर असते, पण बर्फ नुसता लागला तरी डोळा धुरकट होतो, त्यामुळे पांढरट डोळा दिसला म्हणून लगेच टाकायची गरज नाही. डोळा खोल आत बसलेला आणि पूर्ण दुधाळ असेल तर मात्र पुढचं सगळं नीट तपासायचं.

कल्ले जास्त खरं बोलतात. झाकण उचलून बघायचं, लालभडक असतील तर उत्तमच, विटकरी झाले असतील तर एक दिवस जुना मासा म्हणून चालतं, पण तपकिरी-राखाडी रंग आणि त्यावर चिकट बुळबुळीत थर दिसला की विषय संपला. अडचण अशी की बहुतेक जण कोळणीकडूनच डोकी काढून, साफ करून आणतात, मग डोळे पण नाहीत आणि कल्ले पण नाहीत, उरतो फक्त वास आणि हात. वरून हळद-मीठ लावून ठेवलं असेल तर रंगही कळत नाही आणि वासही अर्धा दबतो, म्हणून उद्यावर जाणार असं वाटलं तर मासा नुसता धुवून, निथळून, बंद डब्यात ठेवलेला बरा.

वास डब्याचा घ्यायचा नाही. डब्यात साचलेलं पाणी आधीच वास मारतं. मासा बाहेर काढून गार पाण्याने धुवायचा, दोन-चार मिनिटं थांबायचं (थंडगार माशाचा वास नाकाला कमी लागतो) आणि मग पोटाच्या आत, मणक्याला रक्त चिकटलेलं असतं तिथे नाक न्यायचं. समुद्राच्या माशात ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो, जंतू त्याचं ट्रायमिथाइल अमाइन करतात आणि तोच आपला ओळखीचा हिवस वास, तो थोडा असणारच. धुतल्यावरही आंबट, अमोनियासारखा नाकात चढणारा किंवा कुजका वास आला तर टाकायचा. कोकम, लिंबू, तिरफळ लावून वास घालवता येतो पण मासा ताजा होत नाही, म्हणून वास बघायचा तो मसाला लावायच्या आधी.

मग बोटाने पाठीवर दाबायचं. बाजारात ताठ असलेला बांगडा दुसऱ्या दिवशी शेपटीकडून लवतो, ते नैसर्गिक आहे, मेल्यावर आलेला ताठरपणा काही तासांनी उतरतोच. बघायचं ते खड्डा भरून येतो का. अख्ख्या बांगड्याचं पोट आधी जातं, आतड्यातले पाचक रस पोटाची भिंत विरघळवतात, म्हणून फुटलेलं पोट आणि काट्यापासून आपोआप सुटणारं मांस या वाईट खुणा.

समजा रविवारी सकाळी चार अख्खे बांगडे आणले, तासाभरात फ्रिजमध्ये गेले, सोमवारी संध्याकाळी काढले. डोळे धुरकट, कल्ले विटकरी, पोट शाबूत, दाबल्यावर खड्डा हळूहळू भरतो, धुतल्यावर फक्त हिवस वास. हे आजच्या आज शिजवायचे, मंगळवारवर ढकलायचे नाहीत. पण त्यातल्या एकाचं पोट फुटलेलं आणि आत आंबूस वास असेल तर तो एकटा बाजूला काढायचा, बाकीचे तीन एकेक करून बघायचे.

आता या सगळ्या खुणा जिथे कमी पडतात ती गोष्ट. बांगडा, तारली, कुपा, सुरमई या माशांच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असतं आणि मासा गरमीत राहिला की जंतू त्याचं हिस्टामिन करतात. त्याला वास नाही, रंग नाही, आणि एकदा तयार झालं की तळून किंवा उकळूनही जात नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तास-दोन तासांत तोंड लाल होणं, अंगाला खाज, डोकेदुखी, धडधड असं होतं आणि घरात म्हणतात मासे बाधले. श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला किंवा चक्कर आली तर लगेच डॉक्टरकडे. त्यामुळे बांगड्याच्या बाबतीत नाकाच्या आधी घड्याळ विचारायचं: मासा ४ अंशांच्या आत थंड होता का? रात्री लाइट गेली होती का? ओट्यावर दुपारभर पिशवीत राहिला असेल तर कल्ले लाल दिसले तरी तो खाऊ नये.